नंबर कोणाचा, पेन्शन कोणाची?

फोन बदलला म्हणून पेन्शन बंद पडत नाही. हे वाक्य आरंभीच लिहून टाकतो, कारण बँकेच्या काउंटरमागे तीस वर्षे काढल्यामुळे गल्लीतल्या निम्म्या निवृत्तांचे कागद अजून माझ्याकडे येतात आणि अलीकडे त्या कागदांबरोबर एक घाबरलेला प्रश्नही येतो : ‘‘फोन नवा घेतला आणि पेन्शनचं पोर्टल उघडेना. आता पैसे थांबणार का हो?’’ पैसे दरमहा खात्यात जमा होतच असतात. पोर्टल बंद झाल्याने अडते ते वेगळेच, आणि कधीकधी ते पैशाइतकेच महत्त्वाचे असते. आमच्या बाईंच्या बाबतीत तसेच झाले.

बाई म्हणजे आम्हाला आठवी ते दहावी गणित शिकवणाऱ्या बाई. जून २००९ मध्ये, अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्या निवृत्त झाल्या. त्या वेळी बहुतेक सगळे करतात तसे त्यांनी पेन्शनचे अंशराशीकरण केले होते. हा भारदस्त शब्द म्हणजे पेन्शनचा काही भाग सरकारला ‘विकून’ त्याची रक्कम एकगठ्ठा घेणे. बाईंनी दरमहा २,८६० रुपयांवर पाणी सोडले आणि आलेल्या पैशातून घराचा वरचा मजला चढवला. ही कपात कायमची नसते. पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. मात्र ही पंधरा वर्षे निवृत्तीच्या दिवसापासून मोजायची नसतात. एकरकमी पैसे हाती पडून कपात जेव्हा सुरू झाली, तेव्हापासून मोजायची असतात. बाईंची कपात सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून त्यांना २,८६० रुपये जास्त मिळायला हवे होते.

ते मिळाले की नाही, हे पासबुकात दिसत नाही. पासबुकात एकच आकडा येतो. त्यात मूळ पेन्शन असते, महागाई वाढ असते, कधी मागच्या महिन्यांचा फरक असतो, वजाबाकीही असते. महागाईचा दर बदलला की तो आकडा हलतो आणि त्या हालचालीत आपले २,८६० कोठे आहेत, हे गणिताच्या बाईंनाही सांगता येत नाही. त्यासाठी महिन्याची पेन्शन स्लिप पाहावी लागते, आणि ती फक्त पोर्टलवर मिळते. बाई २०१९ पासून दर महिन्याला ती उघडून पाहत, वहीत उतरवून ठेवत. अशी माणसे आता दुर्मीळ झाली आहेत, असो.

२०२४ च्या दिवाळीत पुण्याहून लेक आली. बाईंच्या जुन्या फोनची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते. असा फोन चार्जिंगला लावणे धोक्याचे, म्हणून लेकीने भाऊबीजेच्या आदल्या दिवशी नवा फोन आणला. बाईंचे जुने सिमकार्ड कोणे एके काळी कात्रीने कापून बसवलेले होते, ते नव्या फोनच्या खाचेत बसेना. सोमवारी कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच नंबरचे नवे कार्ड घेतले. जुन्या फोनवर कोणते गूगल खाते होते ते कोणालाच आठवेना, तेव्हा दुकानातल्या पोराने ‘‘काकू, नवीनच काढून देतो’’ म्हणत पाच मिनिटांत नवे खाते काढून दिले. लेक संध्याकाळी पुण्याला परतली. मंगळवारी सकाळी बाई ऑक्टोबरची स्लिप पाहायला बसल्या आणि तेथून पुढचे रामायण सुरू झाले.

पहिला अडथळा पासवर्डचा. बाईंनी तो २०१९ मध्ये एकदाच टाइप केला होता. त्यानंतर प्रत्येक वेळी त्या चौकटीत काळे ठिपके आपोआप उमटत आणि बाई खालचे बटण दाबत. हे ठिपके पोर्टल देते अशी त्यांची समजूत होती, आणि पुष्कळांची असते. प्रत्यक्षात ते जुन्या फोनने, त्या हरवलेल्या गूगल खात्याच्या आधाराने, लक्षात ठेवलेले असतात. तेच खाते नव्या फोनवर उघडले असते तर ठिपकेही आले असते. नवे खाते म्हणजे कोरी पाटी.

हा अडथळा मोठा नव्हे. ‘पासवर्ड विसरलात?’ असे लिहिलेले असते, तेथे बोट लावले की नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि नवा पासवर्ड ठरवता येतो. बाईंनी बोट लावले. ‘नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे’ अशी हिरवी ओळ आली. ओटीपी आला नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा नाही. पाचव्या वेळी पोर्टलने सांगितले की आता चोवीस तासांनी या. बाई माझ्याकडे आल्या.

मी विचारले, ‘‘बाई, सिमकार्ड कधी बदललं?’’

‘‘काल. पण फोन लागतोय की. सकाळीच लेकीशी बोलले.’’

गोंधळ होतो तो नेमका येथे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना आदेश दिला की एखाद्या नंबरचे सिमकार्ड बदलले, तर नवे कार्ड चालू झाल्यापासून चोवीस तास त्या नंबरवरचे एसएमएस, येणारे आणि जाणारे दोन्ही, बंद ठेवायचे. बोलणे चालू, इंटरनेट चालू, फक्त एसएमएस बंद. त्यामुळे फोन बिघडला आहे असे कोणालाच वाटत नाही. हा आदेश आला तो चोरांमुळे. एखादा भामटा खोटी कागदपत्रे दाखवून तुमच्याच नंबरचे दुसरे कार्ड काढतो. तुमचे कार्ड मुके होते आणि तुमच्या खात्याचे ओटीपी त्याच्या हातातल्या फोनवर पडू लागतात. तुम्हाला कळून बँकेत धाव घेईपर्यंत खाते धुतलेले असते. चोवीस तासांची ही फट खऱ्या मालकाला सावध होण्यासाठी ठेवली आहे. दार चोरासाठी लावले आहे, पण ते लागते तेव्हा घरमालकही बाहेर राहतो, इतकेच.

हे तपासायची युक्ती अगदी सोपी आहे. शेजाऱ्याच्या फोनवरून आपल्या नंबरवर साधा एसएमएस पाठवावा, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे. तो आला नाही तर दोष पोर्टलचा नाही, कार्डाचा आहे, आणि थांबण्यावाचून इलाज नाही. मी तेथल्या तेथे पाठवून पाहिला. आला नाही. बाईंना म्हटले, उद्या दुपारनंतर पाहू.

बुधवारी दुपारी माझा एसएमएस पोचला, वीजबिलाचा आला, बँकेचेही दोन आले. पोर्टलचा ओटीपी मात्र आला नाही.

एसएमएस येत आहेत आणि एका ठिकाणचाच येत नाही, याचा बहुधा एकच अर्थ असतो : तो दुसऱ्याच नंबरवर जातो आहे. पोर्टलच्या हिरव्या ओळीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे छापलेले होते. बाईंनी भिंग लावून ते वाचले. ४७. बाईंच्या नंबरच्या शेवटी ८२ आहे.

‘‘अरे, हा तर ह्यांचा नंबर,’’ बाई म्हणाल्या.

सर जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. २००९ मध्ये पेन्शनचे कागद भरले गेले तेव्हा घरात मोबाइल एकच होता आणि तो सरांकडे होता. संपर्क क्रमांकाच्या रकान्यात कारकुनाने तोच लिहिला. पुढे कागदांवरून संगणकावर नोंदी चढल्या तेव्हा तोच नंबर चढला. बाईंनी नंतर स्वतःचा नंबर घेतला, तो बँकेत दिला, आधारला जोडला. आपला नंबर ‘सगळीकडे’ दिला आहे असे त्यांना वाटत होते. पण ‘सगळीकडे’ नावाचे कार्यालय नसते. बँकेची वही वेगळी, आधारची वेगळी, पेन्शनच्या पोर्टलची वेगळी, गॅस एजन्सीची वेगळी. एका वहीत केलेला बदल दुसऱ्या वहीला आपण होऊन कळत नाही.

मग इतकी वर्षे ओटीपी येत कसा होता? जुना फोन दोन सिमकार्डांचा होता. सर गेल्यावर बाईंनी त्यांचे कार्ड दुसऱ्या खाचेत बसवले आणि त्यावर नियमाने रिचार्ज मारत राहिल्या. भावनेने नव्हे, गॅसचे सिलिंडर त्या नंबरवरून नोंदवले जाई, म्हणून. दोन्ही नंबरचे एसएमएस एकाच पडद्यावर येत. कोणता कोणत्या कार्डावर आला, हे पाहण्याची कोणाला गरज पडली नाही. लेकीने नव्या फोनमध्ये आईचे कार्ड बसवले आणि फुगलेला फोन, दुसऱ्या कार्डासकट, पुण्याला नेला. घरी कचऱ्याच्या टोपलीत टाकायचा नसतो, पुण्यात जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे गोळा करणाऱ्यांकडे देऊ, असा तिचा विचार. तिचे काही चुकले म्हणता येणार नाही.

बुधवारी रात्री लेकीला फोन झाला. सुदैवाने फोन अजून तिच्या गाडीच्या डिकीत होता. पण खरी घाई वेगळ्याच गोष्टीची होती. त्या नंबरचे रिचार्ज पुढच्या आठवड्यात संपत होते. रिचार्ज संपले की आधी बाहेर जाणारे फोन थांबतात, मग काही दिवसांनी येणारे फोन आणि एसएमएसही. नंबर बराच काळ वापरात नसेल तर कंपनी तो कायमचा बंद करते, आणि असा बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती याचिका निकाली काढली, तेव्हा नियामकाने हाच नव्वद दिवसांचा मुद्दा मांडला होता. आपल्या जुन्या नंबरवरचा मजकूर पुसणे, नोंदी बदलणे हे ग्राहकाने त्या मुदतीत स्वतः पाहायचे. म्हणजे बाईंनी रिचार्ज सोडून दिले असते, तर वर्षभरात कधीतरी त्यांच्या पेन्शनच्या पोर्टलचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजला असता. रिचार्जला कार्ड हातात असावे लागत नाही. ते आम्ही त्याच रात्री बाईंच्या नव्या फोनवरून करून टाकले. कार्ड फुगलेल्या फोनमधून काढून रविवारी एसटीने येणाऱ्या भाच्याबरोबर आले.

मधल्या शुक्रवारी एक गमतीचा प्रकार झाला. गमतीचा म्हणायचा तो शेवट बरा झाला म्हणून. बाईंना फोन आला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत आदबीने बोलत होता. बाईंचे पूर्ण नाव, निवृत्तीचे वर्ष, पेन्शन आदेशाचा क्रमांक, सगळे त्याच्यापाशी होते. ‘‘मॅडम, तुमचा हयातीचा दाखला अपडेट झालेला नाही, पेन्शन थांबेल. आता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.’’ बाई चार दिवस ओटीपीच्या नावाने वैतागलेल्या. त्या म्हणाल्या, ‘‘मलाच येत नाहीये, तुम्हाला कुठून सांगू?’’ आणि फोन ठेवला. नोव्हेंबर हा अशा फोनांचा हंगाम असतो. पलीकडच्याला आपली माहिती ठाऊक आहे, एवढ्याने तो सरकारी माणूस ठरत नाही. निवृत्तांच्या याद्या कोठून कोठे फिरतात, हे देवालाच ठाऊक.

त्या फोनने बाईंच्या मनात दुसरी भीती मात्र पेरली : पोर्टल उघडत नाही, म्हणजे हयातीचा दाखलाही जाणार नाही. तसे नाही. या दोन वाटा निराळ्या आहेत. राज्याच्या निवृत्तांसाठी नोव्हेंबरात बँकेच्या शाखेत नावांची यादी येते. तेथे जाऊन नावापुढे सही केली की दाखला झाला. माझ्या टेबलावर अशा शेकडो सह्या झाल्या आहेत; पाळण्यातल्या पोरासारखे उचलून आणलेले आजोबाही मी पाहिले आहेत. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. ती आधी बोटांच्या ठशांवर चाले. वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा नाकारते, ही त्यातली मोठी अडचण. नोव्हेंबर २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा जुळवूनही हा दाखला देता येतो. यांपैकी कशालाही पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड लागत नाही. बाई बँकेत गेल्या आणि सही करून आल्या.

रविवारी संध्याकाळी सरांचे कार्ड नव्या फोनच्या दुसऱ्या खाचेत बसले. या कार्डाला चोवीस तासांची अट नव्हती, कारण नंबरही तोच आणि कार्डही तेच, बदलला तो फक्त फोन. पोर्टलवर बोट लावले. अकरा सेकंदांत ओटीपी आला. बाईंनी नवा पासवर्ड ठरवला आणि वहीत लिहिला. पासवर्ड लिहून ठेवू नये असे सांगतात. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने तो घरातल्या कपाटात, बँकेच्या पुस्तकांपासून वेगळ्या वहीत, लिहून ठेवावा असे माझे मत आहे.

लगेच आम्ही आत जाऊन नंबर बदलला. हे काम दोन मिनिटांचे निघाले. पोर्टल आधी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवते, मग नव्यावर, दोन्ही भरले की नोंद बदलते. जुना नंबर जिवंत असेपर्यंतच हे असे सोपे असते. तो मेला असता तर लेखी अर्ज, पेन्शन आदेशाची प्रत, ओळखपत्र, पासबुकाची झेरॉक्स, आणि जिल्ह्याच्या गावी किमान दोन खेपा. बाईंनी मधल्या काळात त्या कार्यालयात फोन लावून पाहिला होता. उत्तर मिळाले, ‘‘नंबर बदलायचं ऑनलाइनच आहे, लॉगिन करून बदला.’’ लॉगिन होत नाही म्हणूनच फोन केला आहे, हे बाईंनी तीनदा समजावले. विद्यार्थी इतके मठ्ठ नसायचे, असे त्या मला म्हणाल्या.

जुन्या नंबरावर ओटीपी मागण्यामागे कारण आहे, ते मी नाकारत नाही. तसे नसेल तर कोणीही उठून कोणाचाही नंबर बदलेल. पण ज्या व्यवस्थेत कुलूप बदलण्यासाठी जुनी किल्ली लागते, तिथे किल्ली हरवलेल्यांसाठी एक माणूस खिडकीत बसलेला हवा. त्यासाठी नवे काही उभारायचीही गरज नाही. निवृत्त माणूस वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, ओळखपत्र घेऊन स्वतः बँकेत येतो आणि यादीत आपल्या नावापुढे सही करतो. त्याच यादीत नावाशेजारी पोर्टलवर नोंदलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे छापावेत. सही करताना माणूस ते पाहील. नंबर बरोबर असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर तेथेच नवा लिहून सही करील, आणि यादी जशी परत जाते तशी ही दुरुस्तीही जाईल. एक रकाना वाढेल. दिवंगत नवऱ्याचे, परदेशी गेलेल्या मुलाचे, नोंदणी करून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचे किती नंबर त्या याद्यांतून बाहेर पडतील, ते पहिल्याच नोव्हेंबरात दिसेल. आणि हिरव्या ओळीतले ते दोन आकडे भिंगाशिवाय दिसतील एवढे मोठे केले, तर निम्मे हेलपाटे तेथेच वाचतील.

नंबर बदलून झाल्यावर बाईंनी सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या स्लिपा उघडल्या. अंशराशीकरणाच्या रकान्यात दोन्ही महिने उणे २,८६० होते. कपात थांबलीच नव्हती. पंधरा वर्षे झाल्यावर ती आपोआप थांबायला हवी. पण कपात सुरू झाल्याची तारीख नोंदीत चुकली असेल, तर यंत्र त्या चुकीच्या तारखेची वाट पाहत बसते, आणि बाईंच्या नोंदीत सप्टेंबरऐवजी डिसेंबर पडले होते. बाईंनी २००९ चे पासबुक शोधले. एकरकमी पैसे जमा झाल्याची तारीख त्यात होती. त्याची प्रत, दोन्ही स्लिपा आणि तारीखवार मांडलेला हिशेब जोडून त्यांनी अर्ज पाठवला. हिशेबाखाली दोन रेघा ओढल्या होत्या, फळ्यावर उत्तराखाली ओढत तशाच.

तीन महिन्यांचे ८,५८० रुपये डिसेंबरच्या पेन्शनबरोबर जमा झाले. सरांच्या नावावरचा नंबर रीतसर आपल्या नावे करून घेण्यासाठी मृत्यूचा दाखला आणि आपली ओळखपत्रे घेऊन कंपनीच्या दुकानात जावे लागते. ते बाईंनी जानेवारीत केले. गॅस एजन्सीत नंबर बदलायचे मात्र अजून राहिले आहे. त्या म्हणतात, आता कार्ड माझ्याच नावावर आहे, सिलिंडर येतोय, कशाला हात लावायचा?